मदत हवी आहे: सल्लागार कामाच्या पत्रात मानधन कसं लिहावं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या मालकांशी पहिलं बोलणं झालंय. निवृत्त क्वालिटी मॅनेजर म्हणून पत्र द्यायचंय. मसुदा असा:

"साहेब, भेटीत ब्लोहोलच्या रिजेक्शनचा विषय निघाला. आधी ग्रीन सँडचा ओलावा आणि परमिॲबिलिटी रोज मोजावी, रिजेक्ट माल हीट नंबरप्रमाणे वेगळा ठेवावा. तीन महिने, आठवड्यातून दोन अर्धे दिवस येईन. माल पास करण्याची सही तुमच्या इन्स्पेक्टरचीच राहील."

रिजेक्शन किती टक्के घटेल ते मुद्दाम लिहिलं नाही. कारण ब्लोहोल, म्हणजे ओतीव मालातली वायूची छिद्रं, वाळूतल्या पाण्याने येतात तशी ओल्या कोअरनेही येतात.

मानधन दर भेटीला लिहावं की महिन्याला ठोक? ठोक म्हटलं की रोज फोन सुरू होतात. शिवाय आकडा पत्रातच घालावा की दुसऱ्या भेटीत बोलावा?