साध्या क्रॉसला काय धाड भरली होती?

जीपवाला: माझ्या जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला, चाक वळलं तरी शाफ्ट फिरवणारा साधा यूजे क्रॉस आहे. तीस वर्षं झाली, कुरकुर नाही. फ्रंट व्हील गाड्यांना त्याच जागी सारख्या वेगाचा सीव्ही जॉइंट म्हणजे निव्वळ पार्ट विकायचा धंदा.

खरडेघाशी: धंदा म्हणे! रस्त्यावर पुढचं गिअर तुम्ही टाकताच कुठे? तो क्रॉस फुकट फिरतो. चिखलात टाकता तेव्हा टायर घसरून झटका गिळतो. फ्रंट व्हील गाडीत मात्र इंजिनाची सगळी ताकद त्याच जॉइंटमधून जाते, तीही चाक वळलेलं असताना. क्रॉस ३० अंशांत वाकला आणि शाफ्ट एकसारखा फिरत राहिला, तरी चाक एका फेरीत दोनदा मंद होतं, दोनदा जलद. चौकात १५ च्या वेगाने वळताय असं धरा. चाक १३ आणि १७ च्या मध्ये हेलकावे खाणार, सेकंदाला चारपाच वेळा. गाडीचं वजन असं मागेपुढे होत नाही, म्हणून तो सगळा हिसका स्टिअरिंगवर आणि क्रॉसच्या बेअरिंगवर.

सांगलीकर फिटर: दोन क्रॉस लावले की फरक मारला जातो. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट बघा कधी.

खरडेघाशी: मारला जातो, दोन्हीकडचा कोन सारखा असेल तर. इथे गिअरबॉक्सकडचा कोन जेमतेम काही अंश आणि चाकाकडचा फुल स्टिअरिंगला ४०. काय मारणार?

सांगलीकर फिटर: मग दोन्ही क्रॉस चाकापाशीच शेजारी शेजारी लावा!

खरडेघाशी: हां, हे बरोबर. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अवाँला तसे लावले होते. पण जागा खातात. १९५९ च्या मिनीने चाकाकडे झेप्पाचा सहा गोळ्यांचा जॉइंट बसवला, तोच हा सीव्ही. जॉइंट कसाही वाकवा, गोळ्या दोन शाफ्टच्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. दोन्हीकडचं अंतर सारखं, म्हणून वेगही सारखा.

मुक्ता_नाशिक: झेप्पा राहू द्या. वळताना कटकट वाजत होतं, गॅरेजवाल्याने दोन्हीकडचे अख्खे शाफ्ट बदलले. फाटला होता फक्त डावीकडच्या जॉइंटवरचा रबरी बूट!

सांगलीकर फिटर: लुटलं तुम्हाला. बूट आणि ग्रीस, संपला विषय.

खरडेघाशी: कटकट सुरू झाल्यावर? ग्रीस उडालं, वाळू शिरली, गोळ्यांच्या खाचांना खड्डे पडले. नवा बूट घालून खड्डे बुजतात का? मात्र उजवीकडचा का बदलला ते त्यालाच विचारा. कुठला जॉइंट वाजतो ते कळायला मोकळ्या मैदानात फुल स्टिअरिंग मारून गाडी सावकाश गोल फिरवायची, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. एवढं केलं होतं का त्याने?

मुक्ता_नाशिक: गाडी बाहेरच काढली नाही त्याने.

सांगलीकर फिटर: खाचा नुसत्या घासल्या असतील तर चालतं. शंभर गाड्या अशा सोडल्यात मी.

खरडेघाशी: आणि त्यातल्या किती परत आल्या?

सांगलीकर फिटर: तुमच्याकडे आल्या होत्या का?

जीपवाला: काल डांबरावर फोर व्हील टाकून वळवली. स्टिअरिंग हातात थडथडलं. जीप म्हातारी झाली म्हणून असेल. तुमचाही मान राहू दे.