घोस्ट खेळात भाची ‘एल’वर ‘एल’ टाकून अडकवते, सुटका कशी? (मदत हवी आहे)

मामाजी_नाशिक: सुट्टीत भाचीबरोबर इंग्रजी घोस्ट खेळतोय. एकेक अक्षर वाढवायचं, चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द ज्याच्याकडून पुरा होईल तो डाव हरला. मी ‘एल’ने सुरुवात केली की ती लगेच पुढे दुसरा ‘एल’ ठेवते. असा शब्दच नसतो म्हणून आव्हान दिलं, तर ‘लामा’ हा प्राणी दाखवला. आता काय करू?

शब्दखोर: सोपं आहे. दोघांत पहिल्याकडे विषम जागा येतात, म्हणजे पाच-सात अक्षरी शब्द त्याच्याच गळ्यात पडतो. तुम्ही दुसरे खेळा आणि विषम अक्षरांचा शब्द मनात धरा, संपलं.

पाटावरची_सोंगटी: अर्धंच बरोबर. तुम्ही ‘टायगर’ मनात धरलात आणि टी-आय नंतर समोरच्याने ‘जी’ऐवजी ‘एम’ टाकला, की गेला वाघ! एक शब्द धरून भागत नाही, तिथून फुटणाऱ्या सगळ्या वाटा बघाव्या लागतात.

भाचीचा डाव पक्का आहे तो त्यामुळेच. एल-एल नंतर तुम्हाला ‘ए’ टाकावाच लागतो. तिने ‘एम’ टाकला तर पाचवा ‘ए’ तुमचा, लामा पुरा. ‘एन’ टाकला तर ‘ओ’ने लानो (दक्षिण अमेरिकेतलं गवताळ मैदान) पुरा होतो. त्याऐवजी ‘ई’ टाकून लानेरोकडे, म्हणजे त्या मैदानातल्या गुराख्याकडे वळलात, तरी तो सात अक्षरी, शेवटचा ‘ओ’ पुन्हा तुमचाच. तेव्हा ‘एल’ने सुरुवातच करू नका. ‘एफ’नेही नको, ती ‘जे’ टाकेल आणि फ्योर्डचा ‘डी’ तुमच्या वाट्याला येईल.

मामाजी_नाशिक: आणि लॉइड? ‘ओ’ टाकला तर?

पाटावरची_सोंगटी: विशेषनाम चालत नाही. ती आव्हान देईल आणि डाव तिचा. तिला ते माहीत नसेल तर टाकून बघा :)

कोल्हापुरी_ठसका: आम्ही मराठीतच खेळतो, जोडाक्षर एकच धरून. परवा स-र-ब झालं, मला वाटलं जाऊबाई ‘सरबत’मध्ये अडकल्या. त्यांनी शांतपणे ‘रा’ टाकला. सरबराई! ‘ई’ माझ्या नशिबी.

शब्दखोर: बरं, पण तिघं असले तर?

पाटावरची_सोंगटी: मग दुसरा ‘एल’ टाकणाराच मरतो. तिघांत दुसऱ्याकडे दुसरं, पाचवं, आठवं अक्षर येतं. पहिल्याने चौथा ‘एम’ टाकला, की पाचवा ‘ए’ त्याचाच.

मामाजी_नाशिक: म्हणजे बहिणीलाही खेळायला बसवतो! पण ताई माझ्याआधी बसली तर दुसरा मीच ना? आणि मुद्दाम लेकीला वाचवायला लागली तर?

पाटावरची_सोंगटी: तसं केलं तर हिशेब कोलमडतो. तिघांत दोघांनी संगनमत केलं, तर त्यावर माझ्याकडे तोड नाही. कोणाकडे असेल तर लिहा.