प्रायोजकाचे आभार मानायचे की जाहिरात करायची?

वाचनालय_सचिव: व्याख्यानमालेची पुस्तिका छापायला द्यायचीय. गावातल्या एका सराफांनी १५,००० रुपये दिले. आभाराचा मजकूर असा झालाय: ‘शुद्धता व विश्वासाची परंपरा जपणाऱ्या सुप्रसिद्ध पेढीने केलेल्या उदार सहकार्याबद्दल आम्ही शतशः ऋणी आहोत.’ दुकानाची पाटी वाचल्यासारखं वाटतं. काय बदलू?

छापखानेवाला: सगळी विशेषणं पेढीला, व्याख्यानमालेबद्दल अक्षर नाही. पैसे कशाला लागले ते लिहा. उदाहरणार्थ: ‘तिन्ही दिवसांचं सभागृहाचं भाडं आणि वक्त्यांचा प्रवासखर्च अमुक यांनी उचलला, म्हणून यंदाही प्रवेश विनाशुल्क ठेवता आला. वक्ते आणि विषय ठरवताना त्यांनी कोणताही आग्रह धरला नाही. वाचनालय त्यांचं आभारी आहे.’ यातलं जे खरं असेल तेवढंच ठेवा. ‘शतशः’ कशाला, एकदा नीट मानलेले आभार पोचतात.

बाजारपेठ: मी दुकानदार आहे. पैसे देतो ते गिऱ्हाइकाला नाव दिसावं म्हणून. हा मजकूर पाहून पुढच्या वर्षी हात आखडता घेईन. पेढीचं नाव, पत्ता, फोन हवाच.

छापखानेवाला: मग पाठच्या पानावर चौकट द्या आणि तिला जाहिरातच म्हणा. आभाराच्या परिच्छेदात फोन नंबर आला की वाचणारा पान उलटतो, हे रोज बघतो.

हिशेबनीस_काका: नाव छापलं की जीएसटी लागतो, जपून.

करसल्लागार: काका, सरसकट नाही. ११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक आहे. धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम खरोखर देणगी असेल, नाव फक्त कृतज्ञतेपोटी असेल आणि देणाऱ्याच्या धंद्याचा उल्लेख नसेल, तर कर नाही. तिथलं उदाहरण असं: योग संस्थेला डिजिटल फळा भेट दिला आणि त्याखाली ‘श्री. राजेश यांच्या शुभेच्छा’ एवढंच लिहिलं. इथे ‘शुद्धतेची परंपरा’ म्हटलं की धंदा आलाच. अर्थात वाचनालयाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बहुधा नोंदणीचाच प्रश्न नाही. पण सराफ ती रक्कम जाहिरातखर्चात दाखवणार असतील, तर देणगीची पावती फाडू नका.

गल्लीतला_कार्यकर्ता: आमच्या मंडळाच्या कमानीवर बाप्पापेक्षा बिल्डरचा फोटो मोठा होता. कुणी चकार शब्द काढला नाही.

छापखानेवाला: कमान वेगळी हो. पुस्तिका लोक घरी नेतात.

वाचनालय_सचिव: सराफांना विचारलं. चौकट नको म्हणतात, मजकूर आवडला, पण ‘स्थापना १९६२’ घालाच असा आग्रह आहे.

करसल्लागार: चौकटीत खुशाल घाला. परिच्छेदात पेढीचं वय कशाला?

बाजारपेठ: घाला हो. साठ वर्षं दुकान टिकवणं सोपं नसतं.