मदत हवी आहे: रँडम सॅम्पल घेऊन पंपाचा स्पेक्ट्रम काढतोय, २८८ हर्ट्झ सापडत नाही

सागर_भांडुप

नमस्कार मंडळी. मी साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपावर बसवायचा बॅटरीवरचा व्हायब्रेशन सेन्सर बनवतोय. बेसमेंटमधून रेडिओने डेटा पाठवण्यातच बॅटरी उतरते, म्हणून सेकंदाला फक्त १०० सॅम्पल पाठवायची आहेत.

पंप २८८० आरपीएमचा, म्हणजे ४८ हर्ट्झ. कपलिंग थोडं वाकडं आहे, त्यामुळे ९६ हर्ट्झही येतो. इंपेलरला सहा पाती, म्हणजे २८८ हर्ट्झ. वायरचा लॉगर लावून सेकंदाला २००० सॅम्पल घेतली तेव्हा हे तिन्ही स्वच्छ दिसले. नियमाप्रमाणे २८८ साठी सेकंदाला ५७६ च्या वर सॅम्पल लागतात. पण स्पेक्ट्रममध्ये मोजकेच सूर असतील तर रँडम वेळी घेतलेली थोडी सॅम्पलही पुरतात असं वाचलं, म्हणून एका सेकंदाचे एक-एक मिलिसेकंदाचे १००० कप्पे पाडून त्यातले कुठलेही १०० घेतोय.

दोन अडचणी आहेत. कॉम्प्युटरवर बनवलेल्या सिग्नलमध्ये (तिन्ही सुरांची उंची १, ०.६ आणि ०.२५ ठेवली होती) स्पेक्ट्रमभर गवत उगवल्यासारखं दिसतं आणि २८८ त्यात बुडतो. आणि खऱ्या पंपावर तर २८८ चा पत्ताच नाही. शिवाय नायक्विस्टचा नियम असा मोडता येतोच कसा, हेही नीट उमगलेलं नाही.

विनय_डोंबिवली

नियम मोडत नाहीये. तीन सूर आहेत, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी, उंची आणि फेज, म्हणजे एकूण नऊ अज्ञात. नऊ सॅम्पल घ्या आणि समीकरणं सोडवा. १०० सुद्धा उधळपट्टी आहे.

कोकणकन्या

माझ्या वडिलांचा गेल्या महिन्यात एमआरआय झाला, तिथले टेक्निशियन म्हणाले की नव्या मशीनमध्ये कमी माप घेऊन चित्र पूर्ण करतात. तेच का हे? मला भीती वाटते की मशीन आपल्या मनाने काहीतरी भरत असेल.

अनुराधा_जोशी_पवई

सागर, आधी नियमाचं बोलू. नायक्विस्टचा नियम कुठल्याही सिग्नलसाठी हमी देतो, ५०० हर्ट्झपर्यंत काहीही असलं तरी. तुम्ही जास्तीची एक गोष्ट सांगताय, की त्यात सूर मोजकेच आहेत. त्या माहितीच्या बदल्यात सॅम्पल कमी लागतात. कँडेस, रॉमबर्ग आणि टाओ यांनी, आणि स्वतंत्रपणे डोनोहो यांनी, २००६ मध्ये हे गणिताने पक्कं केलं.

पण सॅम्पल रँडम का, ते तुमच्याच आकड्यांवर बघा. दर १० मिलिसेकंदांनी सॅम्पल घेतलं तर २८८ हर्ट्झची लाट दोन सॅम्पलमध्ये २.८८ फेऱ्या मारते, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांना ०.१२ कमी. १२ हर्ट्झची लाट ०.१२ फेरी मारते. कोसाइन असेल तर दोघींचे आकडे हुबेहूब तेच. गणित कितीही भारी लावा, वेगळ्या करता येणार नाहीत. आता एक सॅम्पल १७ व्या मिलिसेकंदाला घ्या. २८८ ची लाट ४.८९६ फेऱ्यांवर असते, म्हणजे पाच फेऱ्यांना ०.१०४ कमी. १२ ची ०.२०४ वर. सोंग तिथेच उघडं पडतं. रँडम वेळांमुळे एक उंच खोटा सुळका उभा राहण्याऐवजी तीच गळती सगळीकडे बारीक होऊन पसरते. तुमचं गवत ते हेच. सेन्सरचा नॉइज नाही.

१०० सॅम्पलना हे गवत साधारण ०.४ उंचीपर्यंत जातं, म्हणून ०.२५ चा सूर त्यात बुडतो. पण बहुतेक गवत ४८ च्या मोठ्या सुरानेच उगवलेलं असतं. तो ओळखा, वजा करा, की गवत ०.२ च्या आसपास बसतं आणि ९६ ठळक दिसतो. तोही काढला की गवत ०.१ च्या खाली जातं आणि २८८ उरतो. फक्त प्रत्येक वेळी आतापर्यंत सापडलेले सगळे सूर एकत्र पुन्हा बसवा, नाहीतर पहिल्याच्या उंचीतली चूक पुढे वाहत जाते.

```
y = y - y.mean()
r, S = y.copy(), []
for _ in range(3):
    c = abs(np.exp(-2j*np.pi*np.outer(f, t)) @ r)
    S.append(f[c.argmax()])
    w = 2*np.pi*np.outer(t, S)
    A = np.hstack([np.cos(w), np.sin(w)])
    r = y - A @ np.linalg.lstsq(A, y, rcond=None)[0]
```

`t` सेकंदांत, `f` मध्ये १ ते ४९९.

विनय, अज्ञात नऊ हे खरं. पण ४९९ जागांमधून कुठल्या तीन, हे शोधायचंय, आणि त्या शोधालाच जास्त सॅम्पल लागतात. या पद्धतीने दहा-बारा सॅम्पलमध्ये गवत पहिल्या सुराच्याही डोक्यावर जातं. तीस-चाळीसला बऱ्याचदा जमतं. १०० म्हणजे सढळ, आणि खऱ्या मापात नॉइज असतो तेव्हा तो सढळपणा हवाच.

कोकणकन्या, कल्पना तीच आहे, पण तिथे मापं फ्रिक्वेन्सीच्या बाजूला घेतात आणि मोजकेपणा चित्रात शोधतात. तुमच्या शंकेचं उत्तर वेगळ्या धाग्यात देते, इथे मिसळलं तर दोन्ही अर्धवट राहील.

आता खरा पंप. सागर, त्याच सेन्सरने दर १० मिलिसेकंदांनी सॅम्पल घेऊन बघा. १२ हर्ट्झला खोटा सुळका येतो का?

सागर_भांडुप

ताई, कोड चालवला. बनवलेल्या सिग्नलमध्ये तिन्ही सूर ओळीने निघाले, उंचीसकट. खऱ्या पंपावर दर १० मिलिसेकंदांनी घेतलं तर १२ ला काहीच नाही. ४ हर्ट्झला, म्हणजे ९६ चं सोंग, अगदी किंचित.

अनुराधा_जोशी_पवई

मग २८८ तुमच्या आकड्यांत शिरतच नाहीये. सोंग सुद्धा येत नाही, म्हणजे तो वाटेतच मरतोय. सेन्सरच्या आतला फिल्टर बघा. डेटा रेट १०० ला ठेवला की अशा चिप ५० हर्ट्झच्या वरचं स्वतःच दाबून टाकतात. नेहमीच्या सॅम्पलिंगमध्ये ते योग्यच आहे, इथे घातक. सॅम्पल थोडी असली तरी प्रत्येक सॅम्पलने क्षणाचं माप घ्यायला हवं, आणि वेळेची नोंद मिलिसेकंदाहून बारीक हवी. फिल्टर उघडल्यावर ५०० च्या आतला सगळा नॉइजही प्रत्येक सॅम्पलमध्ये येतो, आणि सॅम्पल दहापटीने कमी म्हणून तो सरासरीत कमी विरतो. ही किंमत द्यावीच लागते.

सागर_भांडुप

फिल्टर तोच निघाला! डेटा रेट वाढवला, वाचतो मात्र १०० च वेळा. काल रात्री भांडुपच्या एका सोसायटीत लावून बघितलं, फेऱ्या वाढवल्यावर २८८ च्या जवळ सूर मिळाला. पण आता ४८ च्या जागी ४७ आणि ४८ दोन्ही निघतात, मग ४९, आणि पहिल्या तीन फेऱ्या त्यातच संपतात.

अनुराधा_जोशी_पवई

पंप अचूक ४८ वर नाही, ४७.६ वगैरे असेल. तुमच्या यादीत ती जागाच नाही, म्हणून एक सूर शेजाऱ्यांत वाटला जातो आणि मोजके सूर मोजके राहत नाहीत. सुळका सापडला की त्याच्या आजूबाजूला ०.१ हर्ट्झच्या पायरीने पुन्हा शोधा आणि ती फ्रिक्वेन्सी `S` मध्ये टाका. आणि दर वेळी २० सॅम्पल बाजूला ठेवा. उरलेल्या ८० वरून काढलेल्या सुरांनी त्या २० चे आकडे ओळखता आले तर उत्तर धरा, नाहीतर नाही.

प्रकाश_मेन्टेनन्स

मी पंपांचीच कामं करतो, वीस वर्षं. बेअरिंग जायला लागलं की सूर नसतो, ठोके असतात, सगळीकडे खरखर पसरते. आम्हाला कळायला हवं असतं ते तेच. या पद्धतीत दिसेल का?

अनुराधा_जोशी_पवई

प्रकाशजी, तसं असेल तर स्पेक्ट्रम मोजका राहत नाही आणि १०० सॅम्पलवरून तो परत मिळणार नाही. बाजूला ठेवलेली २० सॅम्पल चुकायला लागतील एवढं दिसेल. पण सेन्सर नीट बसवला नसेल तरी ती चुकतातच, त्यामुळे बेअरिंगच म्हणता येईल असं मला आज तरी वाटत नाही.

सागर_भांडुप

प्रकाशजी, तुमच्याकडे बेअरिंग गेलेला एखादा पंप चालू असेल तर रविवारी लॉगर आणि सेन्सर दोन्ही घेऊन येतो. दोन्हींचे आकडे इथे टाकेन.