मदत हवी आहे: रिसॉर्टच्या खोलीतल्या स्वागतपत्रात काय लिहू?

नारळीपोफळी: दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं आठ खोल्यांचं रिसॉर्ट आहे. प्रत्येक खोलीत ठेवायला एका पानाचं स्वागतपत्र करतोय. सुविधा, रात्रीची शांतता आणि अडचणीत कोणाला बोलवायचं, एवढंच हवंय.

मागच्या महिन्यात रात्री एका पाहुण्यांच्या छातीत दुखू लागलं. मुलाने परस्परच १०८ ला फोन लावला, पण आपण नक्की कुठे आहोत हे त्याला सांगताच येईना. आम्हाला कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. पाहुणे आता बरे आहेत, पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही. सध्या पत्राच्या तळाशी ‘आपत्कालीन: १०८, ११२’ एवढंच आहे.

शहाळं: व्हॉट्सअॅपवर छान स्वागताचा मेसेज पाठवा की. मी तसंच करते.

नारळीपोफळी: ताई, खोलीत रेंजच येत नाही. म्हणून तर कागद.

जुना_मॅनेजर: फोन उचलणारा तुमच्या गावात बसलेला नसतो. म्हणून नंबराखाली फोनवर वाचून दाखवायचा पत्ता मोठ्या अक्षरात छापा: रिसॉर्टचं नाव, खोली क्रमांक, वाडी, गाव, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, आणि गाडीवाल्याला दिसेल अशी खूण. त्याच्याही वर लिहा, ‘आधी इंटरकॉमवर ९ दाबा, रात्रीही माणूस असतो.’ तो माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहील. रेंज कुठे मिळते तेही लिहा.

सुविधांत गरम पाण्याची वेळ आणि वीज गेल्यावर काय चालतं ते सांगा. ‘इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही’ हे आधीच वाचलं की रात्री तक्रार येत नाही.

खाडीकाठ: भरतीची वेळही छापा. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता.

जुना_मॅनेजर: हिशोब बरोबर, पण ढोबळ. शिवाय पाहुण्यांना तिथी कुठे माहीत असते? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून छापील वेळ दुसऱ्याच दिवशी चुकते. पत्रात ‘आजची भरती रिसेप्शनच्या फळ्यावर’ एवढंच लिहा आणि फळा रोज सकाळी बदला.

खाडीकाठ: मान्य. आणि शांततेचं काय, रात्री दहानंतर आवाज करायला कायद्यानेच बंदी आहे ना?

जुना_मॅनेजर: दहा ते सहाची बंदी मुख्यतः उघड्यावरच्या लाउडस्पीकरला आणि वाद्यांना आहे. अंगणातल्या गप्पांना कायदा दाखवून पाहुणे दुखावतील. सरळ लिहा, ‘दहानंतर अंगणात हळू बोलूया, शेजारच्या खोलीत लहान मुलं झोपलेली असतात. आवाजाचा त्रास झाला तर स्वतः दार वाजवू नका, ९ दाबा.’

शहाळं: आमच्याकडे सुट्टीतले ग्रुप अकरापर्यंत मागतात. दहा फार लवकर होतं.

खाडीकाठ: वीज गेल्यावर तुमचा इंटरकॉम चालतो का?

नारळीपोफळी: आत्ताच मेन स्विच बंद करून पाहिलं. इंटरकॉम बंद पडतो! उद्या वायरमनला सांगून तो इन्व्हर्टरवर घेतो, पत्र त्यानंतरच छापेन. पत्त्याच्या ओळी आज रात्री हातानेच लिहून आठही खोल्यांत लावतोय. दहा की अकरा, ते घरी विचारून ठरवतो.