मदत हवी आहे: चौरसावरून ग्रुप शिकवताना अर्ध्या वर्गाचं उत्तर वेगळं येतंय

कोरा_खडू

नमस्कार. एफवाय बीएस्सीला ग्रुपची ओळख करून द्यायची आहे. पहिल्या तासाला एकही स्वयंसिद्धक फळ्यावर लिहायचं नाही, फक्त चौरस हाताळायचा, असं ठरवून मी तासाची संहिता लिहिली. गेल्या आठवड्यात एका तुकडीवर ती वापरली आणि मधेच गाडी अडली. पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी आहे, म्हणून विचारते.

संहिता थोडक्यात अशी. प्रत्येकाला चौकोनी कागद. कोपऱ्यांवर १, २, ३, ४ आकडे, पाठपोट दोन्हीकडे तेच. बाकावर खडूने कागदाभोवती चौकट आखायची आणि चौकटीच्या कोपऱ्यांना नावं द्यायची: वर डावीकडे क, वर उजवीकडे ख, खाली उजवीकडे ग, खाली डावीकडे घ. सुरुवातीला १ क वर, २ ख वर, ३ ग वर, ४ घ वर. मग विचारायचं, कागद उचलून पुन्हा त्याच चौकटीत किती तऱ्हांनी बसवता येईल? बहुतेकांनी आधी २४ सांगितलं. कागद हातात घेतल्यावर लक्षात आलं की १ ला चार जागा आहेत, पण १ बसला की शेजारच्या २ ला दोनच उरतात, आणि मग बाकीचं आपोआप ठरतं. आठ. इथपर्यंत वर्ग मजेत होता.

मग मी कागद घडी घालून चार अक्ष शोधायला लावले आणि घड्यांवर नावं लिहायला सांगितली: उभी, आडवी आणि दोन तिरप्या. त्यानंतर पहिला प्रश्न: आधी r, म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग s, म्हणजे उभ्या घडीभोवती पालथा करणे. कोण कुठे गेलं?

निम्म्या वर्गाचं उत्तर: १ आणि ३ जागेवर, २ आणि ४ ची अदलाबदल. उरलेल्या निम्म्यांचं: २ आणि ४ जागेवर, १ आणि ३ ची अदलाबदल. मी म्हटलं, ज्यांनी क्रम उलटा केला त्यांचं चुकलं. एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम, मी आधी r च केलं. तिने समोर करून दाखवलं आणि खरंच दुसरं उत्तर आलं. तास तिथेच संपला, सुदैवाने.

दुसरा प्रश्न साहचर्याचा. बाकीची स्वयंसिद्धकं या खेळातून सहज निघतात, पण हे एक मुलांना दिसतच नाही. ते मोडलेलं त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. कसं आणायचं?

रसायनी

मुळात आठ हे उत्तर बरोबर आहे का? झेनॉन टेट्राफ्लोराइडचा रेणू सपाट चौरसच असतो आणि त्याच्या सममिती क्रिया १६ आहेत. आम्ही एमएस्सीला पाठ केल्या होत्या. शिवाय तुम्ही ज्याला परावर्तन म्हणता ते कागद पालथा करणं म्हणजे अवकाशातलं १८० अंशांचं फिरवणं आहे, आरसा नाही.

जुना_फळा

रसायनी, तुमचे १६ बरोबर आहेत, पण प्रश्न दुसरा आहे. रेणू अवकाशात असतो, म्हणून त्याच्याच पातळीत आरसा धरणं ही तुमच्याकडे वेगळी क्रिया ठरते. त्या आरशाने चौरसाचा एकही कोपरा हलत नाही. मॅडम फक्त कोणता आकडा कुठे गेला हे मोजताहेत, म्हणून तुमच्या क्रियांच्या आठ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी इथे एकच गणली जाते. कागद पालथा केला काय किंवा आरसा धरला काय, आकड्यांची नवी मांडणी तीच.

आता मूळ अडचण. त्या मुलीचं काही चुकलेलं नाही, चूक तुमच्या संहितेत आहे. घडीवर नाव लिहायला सांगितलंत तिथेच घोळ झाला. पाव फेरा दिल्यावर "उभी" लिहिलेली घडी आडवी झाली. तिने प्रामाणिकपणे त्या घडीभोवती कागद पालथा केला. बाकीच्यांनी फळ्याकडे पाहून बाकावरच्या उभ्या रेषेभोवती केला.

आकडे लिहून बघा. r नंतर क वर ४, ख वर १, ग वर २, घ वर ३. बाकावरची उभी रेषा धरली तर क-ख आणि ग-घ यांची अदलाबदल होते: क १, ख ४, ग ३, घ २. पहिलं उत्तर. कागदावरची घडी आता आडवी आहे, म्हणून क-घ आणि ख-ग यांची अदलाबदल होते: क ३, ख २, ग १, घ ४. हे दुसरं.

मजा अशी की बाकावरच्या रेषा धरून आधी s आणि मग r केलं तरी हे दुसरंच उत्तर येतं. हा योगायोग नाही. फिरलेल्या घडीभोवती पालथा करणं म्हणजे आधी फेरा परत घ्या, मूळ उभ्या रेषेभोवती पालथा करा, पुन्हा फेरा द्या. त्याच्या अगोदर r केलेलं आहेच. तो r आणि परत घेतलेला r एकमेकांना खाऊन टाकतात, उरतं s आणि मग r. म्हणून घड्या धरणाऱ्याचा क्रम दर वेळी उलटाच निघतो.

यामुळे उत्तरपत्रिका पाहून कळत नाही की विद्यार्थ्याने क्रम उलटा वाचला की घडी धरली. आणि एखाद्याने दोन्ही केलं असेल तर उत्तर बरोबर येतं.

गिअरबॉक्स

चाकणला रोबोटवर काम करतो, गणिताशी संबंध बारावीपुरता. पण हे वाचून हसलो, कारण आमच्याकडे याच कारणाने फिक्स्चर वाकलंय. रोबोट हाताने हलवताना दोन पर्याय असतात, जमिनीचे अक्ष किंवा टूलचे अक्ष. नवा ऑपरेटर टूल मोडमध्ये असतो आणि त्याला वाटतं जमिनीचे चालू आहेत. मनगट सरळ असेपर्यंत काही कळत नाही. मनगट ९० अंश फिरलं की बटण दाबतो एकीकडचं आणि हात जातो भलतीकडे. आम्ही पोराला दाबायच्या आधी विचारतो, "कुणाचा एक्स?"

कोरा_खडू

"कुणाचा एक्स" संहितेत घेते! जुना_फळा सर, मग घड्या घालायलाच लावू नये का? पण अक्ष मुलांनी स्वतः शोधले, हा तासातला सगळ्यात चांगला भाग होता. आणि ज्यांनी आख्खा तक्ता घडी धरून भरला असेल त्यांचा तक्ता चूक म्हणायचा का?

जुना_फळा

घड्या घालू द्या, पण नावं बाकावर, चौकटीबाहेर खडूने लिहा. कागदावर आकड्यांशिवाय काही नको.

तुमच्या तासाच्या पद्धतीने तक्ता चूकच. पण तो बरोबर तक्त्याच्या ओळींचे रकाने केलेला तक्ता आहे, आणि तोही ग्रुपच आहे. खरा गोंधळ होतो तो अर्धा तक्ता असा आणि अर्धा तसा भरल्यावर. r ची ओळ घ्या. r मग उभ्या रेषेभोवती पालथा: १ आणि ३ जागेवर. r मग आडव्या रेषेभोवती पालथा: २ आणि ४ जागेवर. आता दुसरं गणित कुणी घडी धरून केलं, तर तिथेही १ आणि ३ जागेवर येतात, आणि एकाच ओळीत एक क्रिया दोनदा दिसते. ओळीत पुनरावृत्ती दिसली की समजा, मधेच पद्धत बदलली.

नुसती घडीची सवय ओळखायची असेल तर क्रमाचा प्रश्नच ठेवू नका. कागद आधीच पाव फेरा दिलेला हातात द्या आणि फक्त "उभं पालथं करा" म्हणा. १ ची जागा ४ शी बदलली तर बाक धरला, २ शी बदलली तर घडी.

पंक्चर

साहचर्याचं एवढं काय? प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक क्रिया एकदाच येते, स्थिर क्रिया आहे, प्रत्येकीची व्यस्त आहे. एवढं दिसलं की ग्रुप झालाच. फारच वाटलं तर ८ × ८ × ८ = ५१२ तिकड्या संगणकावर तपासून टाका, मी एकदा केल्या आहेत, दोन ओळींचा प्रोग्राम.

जुना_फळा

पंक्चर, ५१२ तपासल्यात ते ठीक, पण "ग्रुप झालाच" हे बरोबर नाही. हा तक्ता बघा:

```
    e  a  b  c  d
e | e  a  b  c  d
a | a  e  c  d  b
b | b  d  e  a  c
c | c  b  d  e  a
d | d  c  a  b  e
```

तुमच्या सगळ्या अटी पाळतो. प्रत्येक घटक स्वतःचाच व्यस्त आहे. आता a, a, b घ्या. आधी पहिले दोन: e, मग b, उत्तर b. आधी शेवटचे दोन: a आणि b चं c, मग a आणि c चं d. b आणि d वेगळे.

मॅडम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चौरसावर साहचर्य मोडणार नाही, कारण तिथे आपण कागद हलवतो. तीन हालचाली एकामागून एक करताना कंस कुठे टाकला हे कागदाला कळत नाही. म्हणून ५१२ तपासण्या वर्गात करू नका, मुलांना ते योगायोगाने जमलं असं वाटेल. पहिल्या तासाला साहचर्याचा उच्चारही नको. दुसऱ्या तासाला हा पाच घटकांचा तक्ता द्या आणि विचारा, या तक्त्यासारखा वागणारा एखादा कागद कापता येईल का? मुलं शोधत बसतील आणि सापडणार नाही. मग का सापडत नाही ते सांगा. केली यांनी १८५४ मध्ये ग्रुपची अमूर्त मांडणी केली, तिथेही ही अट स्वतंत्रपणे सांगितली आहे. चिन्हांच्या मागची हालचाल काढून घेतली की ती सांगावीच लागते.

पंक्चर

a, a, b दोनदा करून पाहिलं, खरंच मोडतं. पण माझे ५१२ जुळले ते?

जुना_फळा

जुळणारच. तुम्ही चौरसाचाच तक्ता दिला होता ना.

कोरा_खडू

तक्ता उतरवून घेतला. आता एकच उरलं. "आधी r मग s" हे फळ्यावर rs लिहू की sr? पाठ्यपुस्तक उजवीकडून वाचतं. पहिल्याच तासाला मुलांना उलटं वाचायला लावणं जिवावर येतं. मी तक्त्याच्या डाव्या कडेला "आधी" आणि वर "मग" लिहायचं म्हणते, चिन्हांचा गुणाकार पुढच्या तासाला.

जुना_फळा

मी पहिल्या दिवसापासून sr लिहीन. एकदा डावीकडून वाचायची सवय लागली की पुढे फलनांच्या संयोगाला रडतात.

गिअरबॉक्स

आमच्याकडे दोन्ही पद्धतीचे कंट्रोलर आहेत. आम्ही कॅबिनेटवर बाण चिकटवलाय.

कोरा_खडू

सर, पहिल्या दिवशी रडले तर पुढे कोण येणार? तूर्त बाणच काढते, r → s. सोमवारी तास आहे, काय झालं ते इथे लिहीन.