नर्सिंग ब्युरोची रजिस्ट्रेशन फी: माणूस दारात येण्याआधी द्यावी का?

मांजराकाठ (लातूर)
वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी, घरी सांभाळायला सिस्टर हवी म्हणून एका ब्युरोला फोन केला. रजिस्ट्रेशनचे ३,००० आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे १,५०० असे ४,५०० रुपये यूपीआयनं भरले. आज बारावा दिवस, कुणी आलं नाही. माझं तर मत झालंय की माणूस उंबऱ्यात उभा राहिल्याशिवाय ब्युरोला एक रुपया देऊ नये. तुम्हाला काय वाटतं? आणि माझे पैसे निघतील का?

देगलूर नाका (नांदेड)
चूक तुमचीच आहे, राग मानू नका. पैसे टाकायच्या आधी सरकारी नोंदणी मागायची. नोंदणी असलेला ब्युरो कशाला फसवेल? त्याला पण भीती असते की.

मांजराकाठ
मागितली होती हो. उद्यमचं सर्टिफिकेट आणि शॉप अॅक्टची पावती दोन मिनिटांत व्हॉट्सअॅपवर आली. ते बघूनच तर पैसे टाकले.

जुना कारकून (छ. संभाजीनगर)
मी बरीच वर्षं ग्राहक तक्रारींचे कागद लिहून देतो, त्यावरून सांगतो. उद्यम म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारची नोंदणी, ती घरबसल्या फुकट निघते. आपला धंदा काय ते आपणच भरायचं, कुणी बघायला येत नाही. शॉप अॅक्टचंही तेच. २०१७ च्या कायद्यानं मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. म्हणजे दोन्ही कागद अस्सल असू शकतात. पण त्यांच्याकडे एक तरी बाई आहे का, हे त्या कागदांवरून कळायचं नाही.

तुमच्याकडे पैशांची पावती आली असेल. ‘कशाबद्दल’ या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दाला शब्द इथे टाका. सगळी गोम तिथंच असते.

मांजराकाठ
‘उमेदवारांचे प्रोफाइल पाठविणे व समन्वय. फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ तारीख आहे, पण किती दिवसांत माणूस देणार ते कुठंच नाही.

प्रोफाइल मात्र अर्ध्या तासात तीन आले. आम्ही त्यातली एक सिस्टर निवडली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, सात वर्षांचा अनुभव, दिवसाला ७०० रुपये. पहिल्या दिवशी सांगितलं, ‘निघाल्या, अंबाजोगाईपर्यंत आल्या.’ संध्याकाळी कळवलं की त्यांच्या सासूची तब्येत बिघडली. तिसऱ्या दिवशी दुसरी देतो म्हणाले, पण तिच्या ‘गेटपास’चे ८०० वेगळे. कसला गेटपास, आमचं काय कारखान्याचं फाटक आहे का? ते नाही दिले. तेव्हापासून फोन वाजतो, उचलत नाहीत. वडिलांच्या नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे. बायको यूट्यूबवर बघून फीड देतेय.

केजची सून
माझ्या वहिनीसोबत पण असंच झालं. तिनं पेशंट केअरचा सहा महिन्यांचा कोर्स केलाय. ब्युरोनं तिच्याकडून नाव नोंदवायचे २,००० घेतले, फोटो घेतला, आधारची झेरॉक्स घेतली. आता काम लागायची वाट बघायलीय, चार महिने झाले. दादा, तुम्हाला बाई लागत असेल तर ती यायला तयार आहे. पण १२ तासाचंच काम करील, लेकरू लहान आहे.

देगलूर नाका
ताई, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

जुना कारकून
वेगळा कसला? एकाच दुकानाचा मागचा दरवाजा आहे हा. काम मागणाऱ्या बाईकडून नोंदणी, काम देणाऱ्या घराकडून नोंदणी. दोघांची गाठ घालून दिली तर वर कमिशन, नाही दिली तरी दोन्हीकडचं खिशात. आणि वहिनींचा फोटो नि आधार त्यांच्याकडे पडून आहे, तो कुणाकुणाला ‘प्रोफाइल’ म्हणून जातोय हे त्यांना माहीतही नसेल.

देगलूर नाका
फोटोवरून आठवलं. मांजराकाठ, तुमच्या सिस्टरच्या फोटोत मागं निळा पडदा आहे का? आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं? दिवाळीत आईसाठी बघत होतो तेव्हा मला असाच एक फोटो आला होता. त्यात ती एएनएम, म्हणजे त्याहून लहान नर्सिंग कोर्स केलेली होती, तीन वर्षं अनुभव, नाव वेगळं. मी पैसे भरले नाहीत म्हणून विसरून गेलो.

मांजराकाठ
निळाच पडदा! घड्याळही तसंच. तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, तुमच्याकडचा फोटो तारखेसकट पाठवा.

ब्युरोवाली (परभणी)
सगळ्यांनी एकाच काठीनं हाणायचं ठरवलेलं दिसतंय, म्हणून लिहायलेय. माझा छोटा ब्युरो आहे, नऊ वर्षं झाली. मी पण आधी पैसे घेते, ५०० रुपये. का घेते ते ऐका.

घरातली मंडळी पाच ब्युरोंना फोन करतात. मी बाईला एसटीचं भाडं देऊन गंगाखेडहून आणते, आणि दारात गेल्यावर म्हणतात, ‘काकूंची भाची आलीय, आता नको.’ दुसरे त्याहून हुशार. तीन दिवस बाईचं काम बघतात आणि चौथ्या दिवशी तिलाच सांगतात, ब्युरोला सांग काम सोडलं, आपलं डायरेक्ट करू. माझं कमिशन गेलं, वर बाई पण गेली. फी नाही घेतली तर मी कशाच्या जोरावर बाई अडवून ठेवू?

दुसरी गोष्ट, मराठवाड्यात माणूस मिळणं सोपं नाही. दिवाळीनंतर वडवणी, धारूर, माजलगावकडच्या बायका ऊसतोडीला गेल्या की माझ्या वहीतली नावं निम्म्यावर येतात. शिकलेली सिस्टर असेल तर ती पुण्याला जाते, तिकडं दर जास्त आणि राहायची सोय. म्हणून पुण्याचा नंबर लावून ‘लातूर, बीड, नांदेड सर्व्हिस’ लिहिणारा ब्युरो दिसला की मी तरी विश्वास ठेवत नाही. तिकडची बाई इकडं ७०० रुपयांत येतच नाही.

मांजराकाठ
तुमची अडचण पटते. पण बाई पळवणारे दुसरे, आणि आगाऊ पैसे मी का भरायचे? धोका सगळा गिऱ्हाइकाच्या अंगावर आणि तुमचे ५०० पक्के. पहिल्या आठवड्याच्या पगारातून कापून घ्या, कोण नाही म्हणतं.

ब्युरोवाली
पक्के नाहीत. माझ्या पावतीवर लिहिलेलं असतं: ‘सात दिवसांत माणूस हजर न झाल्यास रु. ५०० परत.’ मागच्या वर्षी मी असे परत पण केलेत. आणि तोडीच्या दिवसांत माझ्याकडे नावं नसली तर मी नोंदणीच घेत नाही, सरळ नाही सांगते.

जुना कारकून
माझ्या मते फी आधी की नंतर यावर भांडण्यात अर्थ कमी आहे. बाईंच्या पावतीत दोन गोष्टी आहेत, ‘माणूस हजर’ आणि ‘सात दिवस’. मांजराकाठ यांच्या पावतीत दोन्ही नाहीत. त्यांनी प्रोफाइल पाठवण्याचे पैसे घेतले आणि प्रोफाइल पाठवले, असं ते उद्या ग्राहक आयोगापुढं म्हणणार. शब्द त्यासाठीच निवडलेत.

म्हणून तक्रारीत ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. पावतीपेक्षा व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुढं करा. ‘उद्या सकाळी सिस्टर येतील’, ‘निघाल्या’, ‘अंबाजोगाईपर्यंत आल्या’ हे त्यांनीच लिहिलंय ना? म्हणजे सेवा माणूस देण्याचीच ठरली होती. चॅट पुसायच्या आत एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि ते पोलीस व्हेरिफिकेशनचे १,५०० वेगळे मांडा. ज्या बाईचं व्हेरिफिकेशन केलं तिचा कागद दाखवा म्हणावं. तो नसला तर त्या रकमेपुरतं त्यांच्याकडे उत्तरच उरत नाही.

‘फी परत नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय: पावतीवर मुदत असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर तीस दिवसांत. तुमच्या पावतीवर मुदत नाही. तेव्हा आज लेखी मागणी करा, तीस दिवस उलटले की मुद्दा आणखी पक्का होतो. तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात चालते, ब्युरो कुठलाही असो, कारण तुम्ही तिथं राहता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरूनही दाखल होते. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला नोंदवून बघा, पण तिथं समोरच्यानं प्रतिसाद दिला तरच काम होतं.

देगलूर नाका
सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरला का नको? सायबर फसवणूक आहे ना ही. खातं गोठवतात म्हणे.

जुना कारकून
करायला हरकत नाही, पण १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. बारा दिवसांनी ते तिथं असतील असं वाटत नाही. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक ‘दिवाणी मामला आहे’ हे ऐकायला मिळेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणायची तर सुरुवातीपासून द्यायचंच नव्हतं, हे दिसायला हवं. इथं तो निळा पडदा कामाचा आहे. एकच बाई दोन घरांना दोन नावांनी, एकदा जीएनएम आणि एकदा एएनएम. नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला होतात का?

मांजराकाठ
नाही. सुचलंच नाही. वडील बेडवर, डोकं कुठं चालतं.

ब्युरोवाली
मागून पण खोटा देतील. त्यापेक्षा पैसे द्यायच्या आधी बाईशी व्हिडिओवर बोलायचं, ब्युरोवाल्याला मध्ये न घेता. गाव कुठलं, कोणत्या गाडीनं येणार, मागचा पेशंट कोण होता. नळीचा पेशंट असेल तर विचारा, ‘फीड देताना पेशंटला कसं ठेवता?’ काम केलेली बाई पटकन सांगते की डोक्याकडून उंच करते, फीड झाल्यावर लगेच आडवं करत नाही, आणि आधी नळी जागेवर आहे का बघते. ज्या ब्युरोकडे बाईच नाही तो व्हिडिओ कॉल टाळतो, ‘ड्युटीवर आहे, नेटवर्क नाही’ म्हणतो. तिथंच थांबायचं.

माणूस खरा असला की कळतो बघा.

देगलूर नाका
हे बरोबर. पण घाईत कोण एवढं विचारतं? दवाखान्यातून सुट्टीचा कागद हातात आला की माणूस सापडेल तिथं पैसे टाकतो. ते लोक त्यावरच जगतात.

मांजराकाठ
एक अडचण आलीय. पावतीवरच्या पत्त्यावर आमचा एक नातेवाईक जाऊन आला. तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, ब्युरोचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आता नोटीस पाठवू कुणाला?

जुना कारकून
ही खरी अडचण आहे, आणि मी खोटी आशा दाखवत नाही. नोटीस परत आली आणि माणूसच सापडला नाही तर आयोगाचा आदेश कागदावर राहतो. यूपीआयच्या व्यवहारात पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव दिसतं. ते नाव आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तक्रारीत ब्युरोबरोबर त्या माणसालाही विरुद्ध पक्ष करा. खात्यामागचा पत्ता बँक तुम्हाला सांगणार नाही, पोलीस मागू शकतात. म्हणून ३१८ चा अर्ज दोन्ही फोटोंसकट द्या आणि पोच घ्या. ४,५०० साठी एवढं करायचं का, ते तुम्ही ठरवा.

मांजराकाठ
करणार. स्पीड पोस्टनं नोटीस दोन्ही नावांनी आजच टाकतो. ब्युरोवाली ताई, तुमचं सात दिवसांचं मान्य, पण आधी पैसे हे अजून मला पटलेलं नाही.

केजच्या ताई, तुमच्या वहिनींशी मघाशी व्हिडिओवर बोललो. नळीचं विचारलं तर त्याच मला म्हणाल्या, ‘आधी नळीवरची खूण दाखवा, सरकली तर नाही ना.’ सोमवारी सकाळच्या एसटीनं यायल्यात. भाडं आल्यावर देतो म्हटलं, तर हसल्या.

केजची सून
भाडं आधी द्या की दादा, ती पण एकदा फसलीय.